वर्ग भरलेला असताना

तीन वर्षांपूर्वी मी लेकीसाठी एक शाळा रविवारी पाहिली होती. मला सुट्टी रविवारची, म्हणून शाळेनंही रविवारीच बोलावलं. शिपाईमामांनी कुलूप काढून दुसरीचा वर्ग दाखवला. रंगीत भिंती, स्वच्छ फरशी, रांगेत छोटे बाक. वर्गात इतकी शांतता होती की बाहेरच्या चिंचेवरची साळुंकी ऐकू येत होती. मी त्याच आठवड्यात फी भरून आलो.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि वर्गावरचा पत्रा वाजायला लागला. साताऱ्याचा पाऊस एकदा बसला की दिवसदिवस उठत नाही. रविवारी मोकळा असलेला समोरचा रस्ता सोमवारपासून गाड्यांनी भरून वाहायचा. माझ्या लेकीच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. आम्ही घरात त्यांना मशीनच म्हणतो. मशीन बाईंचा आवाज मोठा करतं, तसाच पत्र्याचा, गाड्यांचा आणि बाक सरकवल्याचाही करतं. ऑगस्टमध्ये तिच्या वहीत गणिताचं श्रुतलेखन पाहिलं. बाईंनी सांगितलं होतं साठ, हिनं लिहिलं होतं आठ. सहाच्या जागी दहा होते. घरी मी समोर बसून तेच आकडे सांगितले तेव्हा एकही चुकला नाही. शिक्षकांच्या शेऱ्यात मात्र 'लक्ष देत नाही' असं होतं.

ती शाळा वाईट नव्हती. चूक माझ्या पाहण्यात होती. मी रिकामी खोली पाहिली आणि तिलाच वर्ग समजलो.

म्हणून आता चौथी संपत आल्यावर, पाचवीसाठी नव्या शाळेच्या ऑफिसला मेसेज करायची वेळ आली, तेव्हा मी त्यावर चार रात्री घालवल्या. मेसेज शंभरसव्वाशे शब्दांचाच होता. एवढ्याशा मजकुराला चार रात्री कशाला, असं बायकोनं विचारलं. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो आहे, कारण आमच्यासारख्या आणखी घरांत सध्या हाच मेसेज लिहिला जात असणार.

त्याआधी जानेवारीत एका ठिकाणी मी घाईत विचारलं होतं, 'नमस्कार, ॲडमिशनसंदर्भात भेटायचं होतं, कधी येऊ?' उत्तर लगेच आलं, 'कधीही या, ऑफिस ११ ते ५.' गेलो. मुख्याध्यापक तालुक्याला बैठकीला गेले होते. लिपिकांनी माहितीपत्रक आणि फॉर्म हातात ठेवला आणि लॅब, ग्राउंड लांबून दाखवलं. वर्ग पाहू का म्हटल्यावर 'आत्ता तास चालू आहेत' म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. तास चालू असताना कुणी अनोळखी माणूस दारात उभा राहिला तर शिक्षकांना काय सांगायचं? मला काय पाहायचं आहे, किती वेळ आणि कुणाबरोबर, यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं. 'कधी येऊ' या प्रश्नाला 'कधीही या' हेच उत्तर येतं, आणि 'कधीही'च्या दिवशी कुणीच आपली वाट पाहत नसतं.

मग या वेळी दिवस मीच द्यायचे ठरवले. पण कुठले?

मी एमआयडीसीत मशीनशॉपमध्ये आहे. एक आठवडा पहिली पाळी, सात ते तीन. दुसरा आठवडा दुसरी पाळी, तीन ते अकरा. पहिल्या पाळीच्या आठवड्यात शाळेत जायचं तर रजा टाकावी लागते, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळ मोकळी असते. शनिवार सगळ्यांना सोपा वाटतो, पण शनिवारी शाळा सकाळची. कवायत, लवकर सुट्टी, निम्मे तास. शनिवारचा वर्ग म्हणजे बुधवारचा वर्ग नव्हे. सोमवारी ऑफिसात सुट्टीनंतरची गर्दी असते. राहिले मंगळवार ते शुक्रवार. त्यात १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी आणि २१ फेब्रुवारीपासून दहावीची बोर्डाची परीक्षा. ज्या शाळेत दहावीचं केंद्र असतं तिथे परीक्षेच्या दिवसांत खालच्या वर्गांच्या वेळा बदलतात, खोल्या बदलतात, कधी दोन तुकड्या एकत्र बसवतात. तेव्हा पाहिलेला वर्ग जूनमध्ये मिळणार नाही. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, मे महिन्यात वर्ग रिकामे. म्हणजे माझ्या दुसऱ्या पाळीचा, २१च्या आधीचा एकच आठवडा हातात होता. त्यातले दोन दिवस निघाले, मंगळवार ११ आणि गुरुवार १३ फेब्रुवारी २०२५.

दोनच का? एकच दिवस दिला आणि त्या दिवशी मुख्याध्यापकांची बैठक निघाली तर उत्तर 'नाही' येतं आणि बोलणं तिथंच संपतं. पाच दिवस दिले तर ऑफिसातल्या मॅडमना पाच दिवस पाच जणांना विचारावे लागतात, आणि मेसेज 'नंतर बघू'मध्ये जातो. दोन दिवस दिले की फक्त निवडायचं राहतं. दोन्ही सलग नकोत, मध्ये एक दिवस हवा, म्हणजे एखादी चाचणी किंवा कार्यक्रम दोन्ही दिवस खात नाही. वेळ दुपारी बारा. शाळा पावणेअकराला भरते, परिपाठ होतो, पहिला तास हजेरीत आणि स्थिरस्थावर होण्यात जातो. बाराला वर्ग खरा चाललेला असतो. मुलं दमलेलीही नसतात आणि मधल्या सुट्टीची चुळबुळही सुरू झालेली नसते. शिवाय मला दीडपर्यंत निघून तीनच्या पाळीला पोचता येतं.

इथवर सोपं होतं. तीन रात्री गेल्या त्या मशीनच्या वाक्यावर.

पहिल्या मसुद्यात मी ते लिहिलंच नव्हतं. भेटल्यावर सांगू, आधी कशाला, आधी लिहिलं तर दिवसच देणार नाहीत, ही भीती होती. बायको म्हणाली, 'मग तिथं जाऊन वर्गात मागं उभं राहून तुम्ही काय ऐकताय ते त्यांना कसं कळणार?' खरं होतं. कारण न सांगता चालू वर्ग पाहायला मागणारा पालक शिक्षकांना तपासनीस वाटतो.

दुसऱ्या मसुद्यात सगळंच लिहिलं. ऑडिओग्रामचे आकडे, प्रमाणपत्राचा नंबर, मागच्या शाळेतला शेरा आणि कायदे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३, प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेता येत नाही आणि घेतली तर पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत, पुढे प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड. २०१६च्या अपंग हक्क कायद्याचं कलम १६, सरकारी अनुदानाच्या किंवा मान्यतेच्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा. हे सगळं खरं आहे आणि प्रत्येक पालकाला पाठ असावं असं मला वाटतं. पण सकाळी उठून वाचलं तर ती नोटीस झाली होती. अशा मजकुराला ऑफिसातल्या मॅडम स्वतः उत्तर देऊच शकत नाहीत. त्यांना तो वर पाठवावा लागतो, वरचे संस्थेला विचारतात, आणि ज्या वर्गशिक्षिकेशी मला पंधरा मिनिटं बोलायचं आहे तिच्यापर्यंत माझी ओळख 'कायदा दाखवणारा' अशी पोचते. नकार आलाच असता तर कलमं मी काढलीच असती. अजून नकार आलेला नव्हता.

शेवटी एका ओळीत सांगायचं ठरवलं, तेही प्रवेशाची अट किंवा अडचण म्हणून नाही, वर्ग पाहण्याचं कारण म्हणून. तो मेसेज असा होता.

'नमस्कार. मी गोडोलीत राहतो. माझी मुलगी सध्या चौथीत, मराठी माध्यमात शिकते. जूनमध्ये तिला आपल्या शाळेत पाचवीला प्रवेश घ्यायचा विचार आहे. ती दोन्ही कानांना श्रवणयंत्र वापरते आणि बोलून, ऐकूनच शिकते. त्यामुळे वर्गात आवाज कसा पोचतो हे आम्हाला पाहायचं आहे. पाचवीचा वर्ग चालू असताना दहा मिनिटं मागे उभं राहून पाहता येईल का? नंतर मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांच्याशी पंधरा मिनिटं बोलायचं आहे. मंगळवार ११ किंवा गुरुवार १३ फेब्रुवारी, दुपारी १२ ते १.३०, यांपैकी आपल्याला सोयीचा दिवस कळवावा. दोन्ही दिवशी अडचण असेल तर २१ तारखेच्या आधीचा दुसरा कामाचा दिवस सांगावा, मी रजा घेईन. मी आणि मुलीची आई असे दोघंच येऊ. सोबत कोणते कागद आणायचे तेही सांगावं.'

खाली माझं नाव आणि नंबर.

'दोघंच येऊ' हे मुद्दाम आहे. पहिल्या भेटीला मूल नेलं की मोठ्यांना राहवत नाही. कुणीतरी पाठीमागून हाक मारून बघतं. कुणी टेबलावर पेन आपटतं. ऐकू आलं का, असं तिच्याकडे न बघता आम्हाला विचारतं. यात कुणाच्या मनात वाईट नसतं, पण नऊ वर्षांच्या मुलीला ती परीक्षा वाटते. वर्ग आधी आम्ही तपासायचा, तिनं नंतर यायचं.

मेसेज रविवारी रात्री लिहून झाला तरी पाठवला सोमवारी ३ तारखेला सकाळी अकराला. रात्री पाठवलेला मेसेज सकाळच्या पन्नास मेसेजखाली जातो. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. '१३ला या. ११ला सर बैठकीला आहेत. मुलीचा जन्मदाखला, आधार आणि चौथीच्या पहिल्या सत्राचं प्रगतिपत्रक यांची झेरॉक्स आणा. शाळा सोडल्याचा दाखला नंतर चालेल.' खाली आणखी एक ओळ होती, 'वर्गाचं बाईंना सांगितलंय.' त्या ओळीनं मला किती हलकं वाटलं ते सांगता येणार नाही.

गुरुवारी आम्ही बाराला पाच मिनिटं असताना पोचलो. शिपाईमामा आम्हाला तळमजल्यावरच्या पाचवीच्या वर्गाकडे घेऊन गेले. स्लॅबचं छप्पर आहे हे मी दारातूनच पाहून घेतलं. मुलं अठ्ठेचाळीस होती, मी मोजली. बाई परिसर अभ्यास शिकवत होत्या. त्यांनी मान हलवली आणि शिकवणं थांबवलं नाही.

मी मशीनशॉपमधला माणूस. आवाजाशी माझा रोजचा संबंध आहे. आमच्याकडे सेफ्टीवाले मीटर घेऊन फिरतात आणि ठरावीक जागांवर कानात प्लग घातल्याशिवाय उभं राहू देत नाहीत. फोनमधल्या आवाज मोजायच्या ॲपवर मी पूर्ण विश्वास ठेवत नाही. त्यांच्या मीटरशेजारी धरून पाहिलं तर माझा फोन तीन-चार डेसिबल कमी दाखवतो. पण एकाच फोननं एकाच खोलीत दोन जागा मोजल्या तर फरक बऱ्यापैकी कळतो, आणि मला फरकच हवा होता. तिच्या ऑडिओलॉजिस्टनी सांगून ठेवलंय की शिक्षकांचा आवाज वर्गातल्या गोंगाटापेक्षा साधारण पंधरा डेसिबलनं वर असायला हवा, तर मशीनला शब्द वेगळे काढता येतात. आपले धडधाकट कान त्याहून बऱ्याच कमी फरकात भागवतात. म्हणून मागे उभ्या असलेल्या पालकाला 'छान ऐकू येतंय की' असं वाटतं, आणि तिथंच फसगत होते.

फेब्रुवारीचा महिना, पंखे बंद होते. मी खुणेनं पंखे लावायची परवानगी मागितली. बाईंना आश्चर्य वाटलं असावं, पण एका मुलाला त्यांनी बटण दाबायला सांगितलं. चारपैकी एक पंखा खडखडत होता. जूनपासून हे पंखे दिवसभर चालणार. मुलं लिहीत असताना मागच्या बाकापाशी फोन बावन्न दाखवत होता आणि बाई बोलायला लागल्या की अठ्ठावन्नच्या आसपास जात होता. सहाचाच फरक. मग बाई स्वतःच म्हणाल्या, 'उभे का, बसा की बाकावर.' मी दुसऱ्या बाकावर एका मुलाशेजारी अंग चोरून बसलो. तिथे त्यांचा आवाज सहासष्ट. चौदाचा फरक. जवळजवळ हवा तेवढा. पण त्या फळ्याकडे वळून लिहिता लिहिता बोलल्या तेव्हा त्याच बाकावर आकडा साठाखाली आला. आणि आकड्यापेक्षा मोठी गोष्ट, त्यांचे ओठ दिसेनासे झाले. माझी लेक अर्धं कानांनी आणि अर्धं डोळ्यांनी ऐकते. स, श, फ, थ ही हलकी, हवेची अक्षरं. त्यातली बरीच ती ओठांवरून उचलते. पाठमोऱ्या बाईंचा साठ तिला आठच ऐकू येणार.

तास संपल्यावर शेजारची रिकामी खोली पाहिली. मधोमध उभं राहून मी एक टाळी वाजवली. टाळी संपल्यावर मागे शेपटासारखा झणझण आवाज राहिला. नागड्या भिंती, गुळगुळीत फरशी, कापड म्हणून कुठे नाही. अशा खोलीत शब्दाचा शेवट पुढच्या शब्दाच्या सुरुवातीवर चढतो. मशीन ते दोन्ही सारखेच मोठे करतं, वेगळे करू शकत नाही. भरलेल्या वर्गात मुलांच्या अंगावरचे कपडे आणि दप्तरं थोडा आवाज शोषून घेतात, म्हणून तिथे हे कमी जाणवलं होतं. मला रिकामा वर्ग पुन्हा एकदा पाहायला मिळाला, पण या वेळी भरलेल्या वर्गानंतर.

मुख्याध्यापकांच्या खोलीत वर्गशिक्षिकाही आल्या. सरांनी पहिला प्रश्न तोच विचारला ज्याची मी वाट पाहत होतो, 'विशेष शाळेचा विचार नाही केला का?' आवाजात टाळाटाळ नव्हती, काळजी होती. बायकोनं उत्तर दिलं. ती मराठी बोलते, वाचते, चौथीचा अभ्यास मराठीतूनच केलाय, तिला फक्त ऐकू यायची सोय हवी आहे. सर म्हणाले, 'बरं. मग आम्ही काय करायचं ते सांगा.'

मी तीनच गोष्टी घेऊन गेलो होतो. जास्त सांगितल्या असत्या तर एकही लक्षात राहिली नसती. पहिली जागेची. पुढून दुसरा बाक, आणि बाईंच्या पाठीमागे खिडकी येणार नाही अशी बाजू. मागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. दुसरी, आकडे, तारखा आणि गृहपाठ तोंडी सांगितले तरी फळ्यावर लिहायचे, आणि लिहून झाल्यावर वळून बोलायचं. तिसरी, पाचवीचा वर्ग पुढच्या वर्षी वरच्या मजल्यावर पत्र्याखाली न्यायचा बेत असेल तर निदान तिची तुकडी खाली ठेवायची. गळ्यात घालायचा एक माइक येतो, त्यातून शिक्षकांचा आवाज थेट मशीनमध्ये जातो. पण तो घेणं आम्हाला अजून झेपलेलं नाही, हेही सांगून टाकलं. शाळेकडून तो मागायचा नव्हता.

बाई जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'मी फळ्याकडे बघून बोलते हे मला माहीतच नव्हतं हो. एवढी वर्षं झाली. लगेच सवय जाणार नाही. तिलाच सांगा, हात वर कर म्हणून.' सगळं करते, काळजी करू नका, असं कुणी म्हणालं की मला मागची शाळा आठवते. या उत्तरावर मी विश्वास ठेवला.

घरी येऊन पाळीला जायच्या आधी मी ऑफिसच्या त्याच नंबरवर दुसरा मेसेज पाठवला. भेटीबद्दल आभार, आणि बोलण्यात ठरलेल्या तीन गोष्टी तीन वाक्यांत, शेवटी 'काही चुकीचं समजलो असेन तर कळवावं.' हा दुसरा मेसेज पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे असं मी मानतो. जूनमध्ये बाई बदलू शकतात, सर बदलू शकतात. बोललेलं हवेत जातं आणि फोनमधला मजकूर मॅडमना सहा महिन्यांनी पुन्हा दाखवता येतो. संध्याकाळी उत्तर आलं, 'बरोबर आहे. तुकडी तळमजल्यावर. पंख्याचं वायरमनला सांगितलंय.'

लेकीला आम्ही मार्च संपताना, बोर्डाची परीक्षा आटोपल्यावर नेलं. मी तिला आधीच दुसरा बाक दाखवून ठेवला, इथून बाईंचा आवाज सगळ्यात चांगला येतो म्हणून. ती तिथे बसली, मान वळवून मागे पाहिलं, उठली. मग भिंतीकडेच्या रांगेत तिसऱ्या बाकावर जाऊन भिंतीला पाठ टेकून, वर्गाकडे तोंड करून तिरकी बसली.

'इथून बाई दिसतात,' ती म्हणाली, 'आणि मागचं कुणी उत्तर देत असलं तर तेपण दिसतं. पुढं बसलं की मला मुलांचं काहीच कळत नाही.'

मी फोन खिशात ठेवला. बाईंनी त्यांच्या वहीत तिसरा बाक लिहून घेतला.